मोठा पुडा स्वस्तच असतो का?

(बचत गटांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



वस्तीतल्या बायकांना एक सल्ला सगळेच देतात. ‘सुटं-सुटं घेऊ नका, महिन्याचं एकदम भरा, स्वस्त पडतं.’ यात एक छुपा दोषारोप आहे, की बाई रोज दहा-वीस रुपयांचं आणते म्हणून घराचे पैसे उडतात. आज आपण हे हिशेबानं तपासू या. मी सांगते ते भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही आपापल्या दुकानातले घाला.

आधी शाम्पू घेऊ. 2 रुपयांच्या पुडीत 6 मिली असेल, तर एका मिलीला 33 पैसे पडले. 180 मिलीची बाटली 120 रुपयांना असेल, तर मिलीला 67 पैसे, म्हणजे दुप्पट. इथे पुडी घेणारी बाई उधळी नाही, तीच शहाणी आहे. म्हणून आकारावरून स्वस्त-महाग ठरवायचं नाही, वजनाला भाव लावायचा.

हा भाव आता पाकिटावर छापावा लागतो. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली, त्यातून ही तरतूद आली. किलोच्या आतल्या पुड्यावर दर ग्रॅमचा भाव आणि किलोच्या वरच्या पुड्यावर दर किलोचा. लिटरचंही तसंच. तो एमआरपीजवळ बारीक अक्षरांत असतो.

पण दोन ठिकाणी तो फसवू शकतो. पहिलं, तो छापील किमतीवर काढलेला असतो. दुकानदारानं मोठ्या पुड्यावर सूट दिली तर तो लागू राहत नाही. दुसरं, तो दोनच दशांश स्थळांपर्यंत असतो. धुण्याच्या पावडरीचा अर्धा किलोचा पुडा 67 रुपयांना आहे. ग्रॅमला 13.4 पैसे झाले, पण छापलं जाईल 0.13. शेजारच्या दोन किलोच्या पुड्याची किंमत 264, म्हणजे किलोला 132. आपण 0.13 ला हजारानं गुणलं की 130 येतात आणि छोटा पुडा स्वस्त वाटतो. खरं तर 67 दुणे 134, म्हणजे मोठाच स्वस्त. मीठ, पीठ, पावडर अशा हलक्या भावाच्या वस्तूंत या दशांशामुळे किलोमागे पाच रुपयांपर्यंत फरक लपतो. म्हणून द्यायची रक्कम भागिले ग्रॅम, गुणिले हजार, एवढा हिशेब आपणच करावा.

आता तेल. गटानं मिळून डबा घ्यायचा तर समोर दोन डबे असतात. एक 15 लिटरचा, 2,235 रुपयांना. दुसरा 15 किलोचा, 2,400 रुपयांना. पहिला 165 रुपयांनी स्वस्त दिसतो. पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅमच तेल आहे. भाव पडला किलोला 164 रुपये. दुसऱ्या डब्यात किलोला 160. म्हणजे महाग दिसणारा डबाच स्वस्त. आणि 150 रुपयांची एक लिटरची पिशवी? तिचा भाव किलोला 165. म्हणजे 15 लिटरचा डबा उचलून आणून पिशवीपेक्षा किलोमागे रुपयाच वाचला.

पिशवीतही पाहा. काही वस्तू ठरावीक मापांतच भरायचं बंधन होतं, तेही त्याच दुरुस्तीत निघालं. त्यामुळे ‘एक लिटरची’ म्हणून हातात आलेली पिशवी 850 ग्रॅमची असू शकते. लिटर बाजूला ठेवा, ग्रॅमचा आकडा वाचा.

15 किलोच्या डब्यानं पिशवीपेक्षा किलोमागे पाच रुपये वाचतात. पण ते वाचवायला एका वेळी 2,400 रुपये हातात लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हिशेब येत नाही म्हणून ती पिशवी घेत नाही. तिच्याजवळ आज दीडशेच आहेत, म्हणून घेते. दहा जणींनी 240 रुपये घातले तर प्रत्येकीला दीड किलो येतं. वाटणी वजनकाट्यावर करा, मापानं नाही. भांडी कोरडी ठेवा, आणि महिन्यात संपेल एवढंच घ्या. तेल खवट झालं तर वाचलेले पाच रुपये कुठेच गेले. पाच रुपयांसाठी महिना दोन-तीन टक्के व्याजानं पैसे काढून डबा भरणं तर मुळीच परवडत नाही. एका महिन्याचं व्याजच 48 ते 72 रुपये होतं, आणि डब्यामागे बचत होते 75 रुपयांची.

पुड्यावर दर ग्रॅमचा भाव नसेल तर दुकानदाराशी भांडू नका, तो छापणं उत्पादकाचं काम आहे. पुडा जपून ठेवा आणि वैधमापन शास्त्राच्या कार्यालयात, म्हणजे आपल्या वजनमापे कार्यालयात, किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या तेलाची रिकामी पिशवी आणावी. भाव फळ्यावर मांडू आणि कोणता डबा घ्यायचा ते सगळ्या मिळून ठरवू.