आधी स्टॉप लॉस, मग क्वांटिटी

सोलापुरातून तुमच्याशी बोलतोय. नेहमीचं आधी सांगून टाकतो: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही. आज एक-दोन नावं येतील, ती उदाहरण म्हणून. घ्या किंवा विका असं मी म्हणत नाहीये.

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करतात, ट्रेडिंगसाठी तीन लाख वेगळे ठेवलेत. ते लिहितात, "दादा, मी स्टॉप लॉस न चुकता लावतो. तरी कधी दीड हजार जातात, कधी वीस हजार. असं का?" मी त्यांना एकच उलट प्रश्न विचारला: शेअर किती घेता? उत्तर आलं, "५००. हिशोबाला सोपं पडतं."

गडबड इथेच आहे. स्टॉप लॉस फक्त एवढं सांगतो की एका शेअरमागे किती रुपये जातील. खिशातून एकूण किती जातील ते क्वांटिटी ठरवते. दोन्हींचा एकमेकांशी हिशोब लागत नसेल, तर स्टॉप लावूनही तोटा तुमच्या हातात राहत नाही.

मग क्रम कसा असावा? पहिल्यांदा ठरवायचं की हा ट्रेड चुकला तर जास्तीत जास्त किती रुपये जाऊ द्यायचे. बरेच जण भांडवलाचा १ टक्का धरतात. तीन लाखांचा १ टक्का म्हणजे ३,००० रुपये. दुसरी पायरी, चार्ट बघून स्टॉपची जागा ठरवायची. आणि तिसरी, त्या दोन आकड्यांवरून क्वांटिटी काढायची. क्वांटिटी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण ती सगळ्यात आधी ठरवून बसतात.

आता उदाहरण घेऊ. दोन शेअर आहेत, नावं नकोत, अ आणि ब म्हणू. दोघांचा भाव ४१२ रुपये. अ शांत आहे, दिवसाला साधारण ९ रुपये वरखाली होतो. ब चंचल आहे, दिवसाला २१ रुपये हलतो. ही रोजची हालचाल मोजायला एटीआर नावाचा इंडिकेटर आहे, अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज. वेल्स वाइल्डर यांनी तो १९७८ मध्ये आपल्या पुस्तकात मांडला आणि आज प्रत्येक चार्टिंग ॲपमध्ये तो असतो. सहसा १४ दिवसांची सरासरी घेतात.

स्टॉप कुठे लावायचा? जिथे भाव गेला तर "आपण ज्या कारणाने शेअर घेतला ते कारण आता उरलं नाही" असं म्हणता येईल, तिथे. अ चा अलीकडचा तळ समजा ३९६ आहे. तो तुटला तर आपला अंदाज चुकला, म्हणून स्टॉप त्याच्या जरा खाली, ३९४ ला. अंतर झालं १८ रुपये. एटीआर ९ आहे, म्हणजे स्टॉप दोन दिवसांच्या हालचालीइतका लांब आहे, चालेल. ब चा तळ ३७२, स्टॉप ३७०, अंतर ४२ रुपये. तेही त्याच्या एटीआरच्या दुप्पट.

आता भागाकार. अ साठी ३,००० भागिले १८, म्हणजे १६६ शेअर. ब साठी ३,००० भागिले ४२, म्हणजे ७१ शेअर. भाव सारखाच, भांडवल सारखंच, पण क्वांटिटी निम्म्याहूनही कमी. आणि दोन्हीकडे स्टॉप लागला तर तोटा तेवढाच, तीन हजारांच्या आत.

आपले श्रोते मात्र दोन्हीकडे ५०० घेत होते. अ मध्ये तोटा झाला असता ९,००० रुपये, ब मध्ये २१,०००. म्हणजे एकदा ३ टक्के, एकदा ७ टक्के. त्यांना वाटत होतं नशीब खराब आहे. खरं तर ते नकळत चंचल शेअरमध्ये दुपटीहून जास्त जोखीम घेत होते.

७ टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण सलग दहा ट्रेड चुकले तर? असं होतं, चांगल्या पद्धतीतही होतं. दर वेळी १ टक्का गेला तर दहा ट्रेडनंतर भांडवल साधारण साडेनऊ टक्क्यांनी कमी होतं. दर वेळी ७ टक्के गेले तर निम्म्याहून जास्त भांडवल संपतं, आणि निम्मं गेलं की परत मूळ जागी यायला शंभर टक्के कमवावे लागतात.

इथे एक चलाखी लोकांना सुचते. "मला ५०० शेअरच घ्यायचेत आणि तोटा ३,००० च हवाय, मग स्टॉप ६ रुपयांवर लावतो." गणित बरोबर, पण स्टॉपची जागा चुकीची. दिवसाला ९ रुपये हलणाऱ्या शेअरमध्ये ६ रुपयांचा स्टॉप कुठल्याही साध्या दिवशी लागेल. तुमचा अंदाज बरोबर असला तरी लागेल, आणि मग शेअर तुमच्याशिवाय वर जाईल. हे ओळखायचं कसं? तुमचे स्टॉप लागलेले शेवटचे वीस ट्रेड काढा. बाहेर पडल्यावर दोन-चार दिवसांत भाव परत खरेदीच्या वर गेला, असं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दिसलं, तर तुमचा स्टॉप बहुधा रोजच्या हालचालीच्या आत बसतोय. तेव्हा स्टॉप लांब न्या आणि क्वांटिटी कमी करा. दोन्ही एकदम करायचं, नुसता स्टॉप लांब नेला तर तोटा वाढेल.

आता यातला खरा धोका. स्टॉप लॉस म्हणजे हमी नाही. ती एक ऑर्डर आहे, आणि ऑर्डरला समोर गिऱ्हाईक लागतं.

दोन प्रकारची पडझड बघू. पहिली आपल्या सोलापूरची. शेअरचा विषय निघाला की इथे बालाजी अमाइन्सचं नाव येतंच. २०२१ मध्ये हा शेअर पाच हजारांच्या वर गेला होता, आणि २०२३ मध्ये तो त्याच्या निम्म्याहून खाली होता. त्या काळात केमिकल क्षेत्रातले बरेच शेअर असेच उतरले. ही उतरण हळूहळू झाली, महिनोन्महिने. अशा उतरणीत स्टॉप लॉस आपलं काम नीट करतो, कारण बाहेर पडायला दररोज दार उघडं असतं. अडचण असते ती मनाची. "आपल्या गावची कंपनी आहे, फॅक्टरी डोळ्यांनी बघितलीय" म्हणून लोक स्टॉप खाली सरकवत राहतात. कंपनी ओळखीची असली तरी भागाकार तोच राहतो. स्टॉप वर न्यायला हरकत नाही, खाली कधीच न्यायचा नाही.

दुसरी पडझड २३ मार्च २०२० ची. शुक्रवारी निफ्टी ८,७४५ वर बंद झाला होता. सोमवारी तो साधारण ८०० अंकांनी खालीच उघडला, १० टक्क्यांचं सर्किट लागलं, बाजार ४५ मिनिटं थांबला, आणि दिवसअखेर निफ्टी ७,६१० वर होता, जवळजवळ १३ टक्के खाली. शुक्रवारी ज्याचा स्टॉप ३ टक्के खाली होता, त्याला त्या भावाला बाहेर पडायला मिळालंच नाही. मधले भाव झालेच नाहीत. याला गॅप म्हणतात.

आपल्या अ शेअरमध्ये असा गॅप आला आणि तो १५ टक्के खाली, ३५० ला उघडला असं समजा. शेअरमागे तोटा १८ नाही, ६२ रुपये. १६६ शेअरवर १०,२९२ रुपये, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जवळ. वाईट, पण झेपेल. आता ज्याने ६ रुपयांचा स्टॉप लावून ५०० घेतले होते त्याचं बघा. त्याच्याही कागदावर जोखीम ३,००० च होती. त्याचे गेले ३१,०००. स्टॉप जितका जवळ तितकी क्वांटिटी मोठी, आणि गॅपमध्ये मार खाते ती क्वांटिटीच.

म्हणून मी दुसरी मर्यादा लावतो: एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नाही. तीन लाखांचे २० टक्के ६० हजार, ४१२ च्या भावाने १४५ शेअर. दोन्ही उत्तरांतलं जे लहान ते घ्यायचं. म्हणजे अ मध्ये १६६ नाही, १४५. ब मध्ये ७१ च. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत होतं. बी१ मध्ये भांडवल, बी२ मध्ये 0.01, बी३ मध्ये खरेदीचा भाव, बी४ मध्ये स्टॉप आणि बी५ मध्ये 0.2 टाका:

```
=ROUNDDOWN(MIN(B1*B2/(B3-B4), B1*B5/B3), 0)
```

शेवटी ऑर्डरबद्दल दोन गोष्टी, कारण इथे बरेच जण अडकतात. लिमिट असलेल्या स्टॉप लॉस ऑर्डरमध्ये दोन भाव टाकावे लागतात, ट्रिगर आणि लिमिट. ट्रिगर ३९४ आणि लिमिट ३९२ टाकलं आणि शेअर ३५० ला उघडला, तर ऑर्डर जागी होते, पण ३९२ च्या खाली विकायला तयार नसते. ती तशीच लटकते आणि शेअर तुमच्याकडेच राहतो. म्हणून सकाळी बाजार उघडल्यावर ऑर्डर पूर्ण झाली का ते बघायचं. नसेल झाली, तर "परत ३९२ ला येईल" याची वाट न बघता स्वतः निर्णय घ्यायचा.

दुसरी गोष्ट, नेहमीची स्टॉप लॉस ऑर्डर त्याच दिवसापुरती असते. साडेतीनला बाजार बंद झाला की ती रद्द. डिलिव्हरीत घेतलेला शेअर आठवडाभर ठेवणार असाल तर रोज सकाळी ती परत टाका, किंवा ब्रोकरची जीटीटी सोय वापरा. जीटीटीतही ट्रिगर लागल्यावर बहुतेक लिमिट ऑर्डरच जाते, म्हणून गॅपचा धोका तिथेही आहेच.

त्या श्रोत्यांना मी एवढंच सांगितलंय: पुढचे दहा ट्रेड करताना, ऑर्डर टाकायच्या आधी वहीत चार आकडे लिहा. किती रुपये जाऊ देणार, स्टॉप कुठे, क्वांटिटी किती, आणि १५ टक्क्यांचा गॅप आला तर किती जातील. चौथा आकडा बघून रात्री झोप लागणार नसेल, तर क्वांटिटी अजून कमी करा.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.