उशिरा वळणारी रेषा: कॉपॉक वक्र

शेअर बाजार कोसळून झाल्यावर तळ लागला का, याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ एडविन कॉपॉक यांनी 1962 साली ‘बॅरन्स’ साप्ताहिकात एक पद्धत मांडली. तिला रोजचे चढउतार लागत नाहीत. निर्देशांकाचा महिनाअखेरचा बंद भाव पुरतो.

आकडेमोड सोपी आहे. या महिन्याचा भाव 14 महिन्यांपूर्वीच्या आणि 11 महिन्यांपूर्वीच्या भावापेक्षा किती टक्के वर-खाली आहे, ते काढून दोन्ही टक्के मिळवायचे. अशा 10 महिन्यांच्या बेरजांची भारित सरासरी घ्यायची. ताज्या महिन्याला 10 ने गुणायचे, आधीच्याला 9 ने, असे 1 पर्यंत उतरायचे आणि एकूण बेरजेला 55 ने भागायचे. रेषा शून्याखाली असताना वर वळली, की तो खरेदीचा संकेत.

2009 मध्ये एस अँड पी 500 ने 9 मार्चला 676 वर तळ गाठला. मेअखेर तो 919 होता. 14 महिन्यांतील घट साडेतीस टक्के, 11 महिन्यांतील सव्वाअठ्ठावीस, म्हणून बेरीज उणे 59 च्या आसपास. एप्रिलची बेरीज उणे 72 होती. एप्रिलअखेर उणे 76 पर्यंत घसरलेला वक्र मेअखेर उणे 74 वर आला, म्हणजे वळला. तोवर निर्देशांक तळापासून सुमारे 36 टक्के चढून गेला होता.

महिना संपण्याआधी दिसलेले वळण शेवटच्या आठवड्यातील पडझडीने पुसले जाऊ शकते. विक्री कधी करावी, हे मात्र कॉपॉक यांच्या मूळ नियमात नाही.