देणगीची मागणी व सत्याची मर्यादा

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामांतील सेवामंडळांच्या कार्यकर्त्यांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आठवड्यांत आपणांपुढें दोन शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां विषय शोधावा लागला नाहीं. आपल्या धर्मग्रामांत रुग्णोपयोगी साहित्याचें एक लहानसें केंद्र आहे, हें आपण जाणतां. खाटा, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या असें साहित्य तेथून गरजूंस, जातधर्म न पाहतां, अनामत ठेवून वापरावयास मिळतें. त्या केंद्राच्या कार्यवाहांनीं गेल्या पावसाळ्यांत देणगीसाठीं एक विनंतीपत्र लिहिलें व छापण्यापूर्वीं तें आमच्या नजरेखालून जावें म्हणून आणून दिलें. त्या पत्रांतील काय काढलें, काय ठेविलें व कां, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पत्राचा आरंभ असा होता : "आपण हें पत्र वाचीत असतां कोठें तरी एक वृद्ध माता जमिनीवर तडफडत आहे. आपल्या एका नकारानें तिचा प्राण जाईल." खालीं मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें, "अवघ्या १०० रुपयांत एक जीव वाचवा." कार्यवाह हे सज्जन गृहस्थ आहेत व त्यांचा हेतु निर्मळ होता. आम्हांस त्यांचा राग आला नाहीं, कारण असेंच पत्र एके काळीं आम्हींही लिहिलें होतें.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं होतों. तेथील शाळेच्या छपराचे कांहीं वासे किडले होते. दुरुस्तीच्या खर्चापैकीं दोन तृतीयांश रक्कम जमलीही होती. तरी आम्हीं पत्रांत लिहिलें, कीं या पावसाळ्यांत छप्पर लेकरांच्या डोक्यावर येईल, आणि जमलेल्या रकमेविषयीं मौन धरिलें. त्या पत्राला सधन घरांतून फारसें उत्तर आलें नाहीं. अशीं पत्रें त्यांच्याकडे दर आठवड्यास येत असत. पण एक निवृत्त शिक्षिका संध्याकाळीं पाकीट घेऊन आल्या. पुढें कित्येक महिन्यांनीं त्यांच्या भाच्याकडून कळलें, कीं ती रक्कम त्यांनीं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूला ठेविली होती. आम्ही पैसे परत घेऊन गेलों. त्यांनीं ते घेतले, परंतु त्या दिवसापासून आमच्या कोणत्याही शब्दावर त्यांनीं, "खरें ना फादर?" असें विचारल्याविना विश्वास ठेविला नाहीं. भयाचें व अपराधाचें पत्र ज्यांच्यापाशीं पुष्कळ आहे त्यांना हलवीत नाहीं. ज्यांचें मन हळवें व गांठ लहान, त्यांच्याच गांठीस तें हात घालतें. हें आम्हांस त्या दिवशीं समजलें.

असो. कार्यवाहांचें पत्र बाजूला ठेवून आम्हीं प्रथम केंद्राची नोंदवही मागविली. पत्रांत "शेकडो रुग्ण" होते. वहींत मागील वर्षीं ५१ घरांस ६४ वेळां साहित्य दिल्याची नोंद होती. एवढ्याशा खोलींतून ५१ घरें, ही कांहीं लपविण्यासारखी गोष्ट नव्हे! पण खरा प्रश्न निराळाच होता : किती जणांस "साहित्य शिल्लक नाहीं" म्हणून परत पाठविलें? याची नोंद कोणीं ठेविलीच नव्हती. देणगी कां हवी याचें उत्तर तर त्याच नोंदींत असतें. म्हणून पत्र दोन महिने थांबविलें व प्रत्येक नकार वहींत लिहावयास सांगितलें. खाटेसाठीं कोणीही विन्मुख गेलें नव्हतें. हवेच्या गादीसाठीं मात्र सात जण गेले होते. मूळ पत्रांत खाटांसाठीं पैसे मागितले होते, हें येथें सांगितलें पाहिजे.

आतां गादीनें काय होतें, हें पाहावें लागलें. अंथरुणास खिळलेल्या मनुष्याच्या माकडहाडावर, टांचांवर सतत दाब पडून तेथील रक्तप्रवाह मंदावतो व शय्याव्रण होतात, ज्यांस घरोघरीं बेडसोअर म्हणतात. या गादींत हवेचे कप्पे असतात. विजेचा लहान पंप कांहीं मिनिटांच्या अंतरानें ते आळीपाळीनें भरतो व रिकामे करितो, म्हणजे दाब एकाच जागीं राहात नाहीं. त्यानें जखमेचा धोका कमी होतो. नाहींसा होत नाहीं. रुग्णास ठराविक वेळानें कुशीवर वळवावेंच लागतें, आणि वीज गेली कीं पंपही थांबतो. मग "१०० रुपयांत एक जीव" कोठून आला? कार्यवाहांनीं गादीच्या किंमतीस ती जितक्या घरीं जाईल असें त्यांस वाटत होतें त्या संख्येनें भागिलें होतें, व प्रत्येक घराचा एक वांचलेला जीव धरिला होता. भागाकार बरोबर होता, पण भाज्य गादी होती आणि उत्तर जीव!

हिशेब पुन्हां मांडला. चार गाद्या, प्रत्येकीं रु. ३२०० प्रमाणें, रु. १२,८००, दोन जुन्या पंपांची दुरुस्ती रु. १८००, आणण्याचें टेंपोभाडें रु. ४००. एवढ्यावर समितीची बेरीज थांबत होती. साहित्य परत आल्यावर तें जंतुनाशकानें धुऊन वाळविणाऱ्या बाईंस महिना रु. १५०० दिले जातात, तो खर्च पत्रांत नव्हता. "पगार म्हटला कीं दाते नाराज होतात," असें उत्तर मिळालें. परंतु न धुतलेली गादी दुसऱ्या रुग्णाखालीं घालतां येते काय? वर्षाचे रु. १८,००० बेरजेंत आले व एकूण रु. ३३,००० झाले. शिल्लक मोजतांना उलट चूक झाली होती : अनामत रकमाही शिल्लक म्हणून धरिल्या होत्या. अनामत परत द्यावयाची असते. ती केंद्राची नव्हे. ती वगळतां हातीं रु. ९००० उरले, आणि मागणी रु. २४,००० ठरली.

समितींतील एका तरुण सभासदानें आक्षेप घेतला, कीं नुसत्या आंकड्यांनीं कोणाचें हृदय द्रवत नाहीं. तें खोटें नाहीं. स्मॉल, लोवेनस्टाइन व स्लॉव्हिक या अमेरिकेंतील संशोधकांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लाखोंच्या संख्येपेक्षां एकाच मुलीची हकीकत वाचून लोकांनीं अधिक पैसे दिले. हकीकतीस आंकडे जोडले तेव्हां दान उलट घटलें. म्हणून एक हकीकत घ्यावी, हें आम्हीं मान्य केलें. प्रश्न उरला तो, कोणती? वहींतील सर्वांत करुण हकीकत निवडली तर वाचणाऱ्यास सर्वच घरें तशीं वाटतील. आम्हीं मधली, साधारण, निवडली. संमति मागितली ती गादी परत आल्यानंतर. कारण ज्याच्या घरांत आपली गादी अजून अंथरलेली आहे, तो मनुष्य "नको" म्हणणार तरी कसा? छायाचित्र गादीचें घेतलें, रुग्णाचें नाहीं.

करसवलतीचें वाक्यही बदलावें लागलें. "आपली देणगी पूर्णतः करमुक्त" असें पत्रांत होतें. केंद्राजवळ नोंदणीपत्र आहे. तथापि अशा संस्थेस दिलेल्या देणगीची साधारणतः निम्मीच रक्कम, व तीही ठराविक मर्यादेंत, उत्पन्नांतून वजा होते. नवी करपद्धति निवडणाऱ्यांस ती सवलत नाहीं, व रु. २००० हून अधिक रोख दिल्यास कोणासही नाहीं. वर्षअखेरीस ज्या दात्यास हें परस्पर कळेल, तो आपल्या गादीवरही विश्वास ठेवणार नाहीं.

शेवटीं देणाऱ्यांच्या नांवांचा फलक लावावा, अशी सूचना आली. येथें आम्हीं संत पौलाचें उदाहरण दिलें. यरुशलेमच्या गरिबांसाठीं त्यानें वर्गणी मागितली; ती स्पष्ट मागितली, संकोच केला नाहीं. परंतु आपण हुकूम करीत नाहीं असें त्यानें कळविलें, आणि आपण येऊं तेव्हां समक्ष गोळा करण्याची वेळ येऊं नये, म्हणून दर आठवड्यास ऐपतीप्रमाणें घरींच बाजूला ठेवावयास सांगितलें. रक्कम नेतांनाही मंडळ्यांनीं निवडलेले लोक बरोबर घेतले, कीं कोणास बोट दाखवितां येऊं नये. फलकाची सूचना मागें घेतली गेली.

छापलें गेलेलें पत्र असें :

"आमच्या केंद्रानें मागील वर्षीं ५१ घरांस साहित्य दिलें. गेल्या दोन महिन्यांत हवेच्या गादीसाठीं आलेल्या सात जणांस आम्हांस नाहीं म्हणावें लागलें. अर्धांगवायूनें पडलेल्या आपल्या पित्यासाठीं एका गृहस्थांनीं आमची गादी पांच महिने वापरली. वडिलांस जुनी जखम होती, ती वाढली नाहीं. रात्रीं दोनदां उठून कुशीवर वळवावें मात्र लागेच, असें ते सांगतात. चार गाद्या, दोन पंपांची दुरुस्ती व वर्षभराची स्वच्छता यांसाठीं रु. २४,००० कमी पडत आहेत. कमी जमल्यास गाद्या कमी घेऊं. अधिक जमल्यास ती रक्कम पुढील वर्षाच्या स्वच्छतेसाठीं ठेवूं. तीन महिन्यांनीं हिशेब कळवूं. आपणांस या वेळीं देणें सोयीचें नसल्यास या पत्रास उत्तराची अपेक्षा नाहीं. घरीं न वापरली जाणारी गादी असल्यास तीही चालेल."

"उत्तराची अपेक्षा नाहीं" या वाक्यावर समितींत सर्वांत अधिक वाद झाला. तें ठेवावें असा आमचा हट्ट होता. त्या शिक्षिकाबाईंना तें वाक्य आम्हीं लिहिलें नव्हतें.

ठरलेल्या मुदतींत रु. २१,३०० जमले. तीन गाद्या घेतल्या, पंप दुरुस्त झाले, स्वच्छतेची रक्कम वेगळी काढली व रु. ५०० उरले. तीन महिन्यांनीं दात्यांस हेंच कळविलें, आणि चवथी गादी घेतां आली नाहीं असेंही लिहिलें. तें दुसरें पत्र गेल्यावर एका घरून निरोप आला, कीं वडील वारल्यापासून माळ्यावर एक गादी पडून आहे, घेऊन जावी. गादी चांगली आहे. पंपाची नळी तडकलेली आहे. ती बदलून मिळते काय, हें खजिनदार सध्यां पाहात आहेत.