राइट्स इश्यू: पैसे भरायचे, विकायचं की सोडून द्यायचं?

डिमॅट अकाउंटमध्ये अचानक एक नवीन ओळ दिसते, कंपनीच्या नावापुढे 'आरई' लिहिलेलं असतं. अनेक जण ती बघून सोडून देतात. आज याच ओळीबद्दल बोलू.

आरई म्हणजे राइट्स एंटायटलमेंट. कंपनीला पैसे उभे करायचे असतात आणि ती जुन्या शेअरहोल्डर्सना आधी विचारते, ठरलेल्या किमतीला नवीन शेअर घेता का? आरई हा त्या हक्काचा पुरावा.

रिलायन्सचा 2020 चा इश्यू घ्या. 15 शेअरमागे 1 नवीन शेअर, किंमत 1,257 रुपये. 20 मे ते 3 जून अर्ज करायचा होता. बाजारात शेअर तेव्हा चौदाशेच्या वर होता. समजा तुमच्याकडे 150 शेअर होते, तर तुम्हाला 10 आरई मिळाले.

आता लोकांना वाटतं की पर्याय दोनच आहेत, भरा किंवा सोडा. पण तिसराही आहे: आरई बाजारात विकता येतात. बाजारभाव 1,430 धरला, तर एका आरईची किंमत साधारण 1,430 वजा 1,257, म्हणजे 173 रुपये. दहाचे 1,730. काहीच केलं नाही, तर ही रक्कम गेली. इश्यू बंद झाला की न वापरलेले आरई रद्द होतात, आणि तुमच्या वाट्याचे शेअर जास्तीचे मागणाऱ्यांना मिळू शकतात. शिवाय कंपनीतला तुमचा टक्का थोडा घटतो.

इथे तारखेचा घोळ होतो. आरईची खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या आधी संपते. रिलायन्समध्ये ती 29 मेला संपली, अर्ज मात्र 3 जूनपर्यंत चालू होते. म्हणजे शेवटच्या दिवशी जागं झालात, तर विकायचा रस्ता बंद.

भरायचं असेल तर नेट बँकिंगमध्ये एएसबीएमधून अर्ज करा. पैसे खात्यातच ब्लॉक होतात. पण एकूण किती आणि कधी भरायचे, हे आधी बघा. रिलायन्सने अर्जावेळी फक्त 314.25 रुपये घेतले, उरलेले 2021 मध्ये दोन हप्त्यांत. पुढचे हप्ते भरलेच नाहीत, तर असे शेअर जप्त होऊ शकतात. आणि बाजारातून आरई विकत घेतले, तरी अर्ज वेगळा करावाच लागतो, नाहीतर तेही रद्द.

मग सोडून देणं कधी बरोबर? बाजारभाव इश्यूच्या किमतीखाली गेला तर. तोच शेअर बाजारात स्वस्त मिळत असताना आरईला कोण विचारणार? एरवी कंपनीवर भरवसा आहे आणि पैसे आहेत, तर भरा. नसतील, तर वेळेत विका.