चिंतेवरचा कावा आणि यकृताचा इशारा

आपल्या नागवेलीचे आणि मिऱ्याचे एक भावंड प्रशांत महासागरातल्या बेटांवर वाढते. त्याचे नाव कावा. काश्मिरी कहव्याशी त्याचा काही संबंध नाही. वानुआतू, फिजी, टोंगा इथली माणसे त्याची मुळे कुटून थंड पाण्यात कालवतात, गाळतात आणि संध्याकाळी एकत्र बसून पितात. जीभ बधिर होते, अंग सैलावते. युरोप-अमेरिकेत त्याच मुळांचा अर्क मद्यार्कात किंवा ॲसिटोनमध्ये काढून चिंतेवरच्या गोळ्या म्हणून विकला गेला.

मग यकृत निकामी होण्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेतली चौदा वर्षांची एक मुलगी कावा असलेली उत्पादने घेत होती. आधी मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना गेली, वजन उतरले, थकवा आला. डोळे पिवळे झाले ते त्यानंतर. शेवटी तिला यकृताचे प्रत्यारोपण करावे लागले. जर्मनीने 2002 मध्ये या औषधांची मान्यता काढून घेतली. पुढे न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि 2019 मध्ये मान्यता पुन्हा गेली. दोष द्रावकाचा, झाडाच्या जातीचा, मुळांत मिसळलेल्या सालीचा की बुरशीचा, याचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणूनच ‘पाण्यातला कावा निर्धोक’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. अशी इजा विरळा होते हे खरे. पण ती कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि नेमून दिलेली मात्रा पाळणाऱ्यालाही ती झालेली आहे.

यातली खरी फसगत मला वेगळीच वाटते. यकृत बिघडण्याची पहिली लक्षणे म्हणजे मळमळ, भूक मरणे, गळून जाणे. चिंताग्रस्त माणसाला हे सगळे ओळखीचेच असते. ‘चिंता वाढली’ असे समजून तो आणखी एक गोळी घेतो. त्यामुळे कावा घेणाऱ्याने ही लक्षणे नव्याने दिसली, की चिंतेला दोष देण्याआधी गोळी थांबवावी आणि त्याच दिवशी लघवीचा रंग पाहावा. भरपूर पाणी पिऊनही ती कडक चहासारखी गडद असेल, शौच फिकट होत असेल, अंगाला खाज सुटली असेल किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये. बिलिरुबिन आणि यकृताची एन्झाइमे तपासणारी साधी रक्तचाचणी लगेच करावी. डॉक्टरांना गोळीचे पाकीट दाखवावे, कारण ‘वनस्पतीचेच आहे’ म्हणून रुग्णाकडून ते सांगायचे राहून जाते. मधल्या काळात दारू नको. अंग दुखते म्हणून पॅरासिटामॉल मनाने घेऊ नये, तेही यकृतावरच येते. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा गुंगू लागला किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर चाचणीच्या अहवालासाठी न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

वेळीच थांबवले तर बहुतेकांचे यकृत सावरते. पण त्यानंतर कावा पुन्हा कधीही घ्यायचा नाही, दुसऱ्या कंपनीचा किंवा कमी मात्रेचाही नाही.

आणि हा धोका पत्करून मिळते काय? ऑस्ट्रेलियात सोळा आठवडे चाललेल्या एका चाचणीत, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, सार्वत्रिक चिंताविकारावर कावा औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरला नाही. यकृताच्या चाचण्यांतले बिघाड मात्र कावा घेणाऱ्यांत जास्त आढळले.