शेवटचा आकडा अधिक एक



समोर मौनी विद्यापीठाची डिप्लोमाची मुलं दिसतात, मागच्या रांगांत पतसंस्थांची, दूधसंस्थांची मंडळी दिसतात. दोघांचाही रोजचा संबंध येतो अशा एकाच गोष्टीवर आज बोलतो. ती म्हणजे पावतीचा नंबर.

संगणक यायच्या आधी पावतीपुस्तकं छापखान्यातून येत. प्रत्येक पानावर नंबरिंग मशीननं आधीच आकडा उमटवलेला असे. दोन खिडक्या असल्या की एकीकडे 1 ते 100 चं पुस्तक, दुसरीकडे 101 ते 200 चं. कारकून नंबर ठरवत नसे, पुढचं पान फाडत असे. पान बिघडलं तर त्यावर ‘रद्द’ लिहून ते पुस्तकातच ठेवायचं, फेकायचं नाही. ही पद्धत कोणी फार विचार करून शोधली असेल असं नाही, पण ती पक्की होती.

मग संगणक आला आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यानं सोपा रस्ता धरला. टेबलात सगळ्यात मोठा नंबर कोणता ते बघायचं, त्यात एक मिळवायचा आणि तो नव्या पावतीला द्यायचा.

```sql
SELECT MAX(kramank) + 1 FROM pavati;
```

एक खिडकी असेपर्यंत हे बिनबोभाट चालतं. म्हणूनच ते धोक्याचं आहे. तपासणीच्या वेळी एकटाच माणूस बटणं दाबत असतो.

आता महिन्याची दहा तारीख घ्या. संस्थेत गर्दी, दोन खिडक्या सुरू. शेवटची पावती 4316. पहिल्या खिडकीचा प्रोग्राम विचारतो, मोठा आकडा कोणता? उत्तर 4316. त्याची पावती अजून टेबलात जायची आहे, तेवढ्यात दुसरी खिडकी तेच विचारते. तिलाही 4316च मिळतो, कारण तिच्या दृष्टीनं 4317 अजून जन्मलेलीच नाही. दोघेही 4317 लिहितात. एकाची 500 रुपयांची ठेव, दुसऱ्याचा 2,000 रुपयांचा कर्जाचा हप्ता.

त्या क्षणी कुणाला काही कळत नाही. दोघांच्या हातात पावती आहे, गल्ल्यात 2,500 रुपये आहेत, संध्याकाळी रोकड जुळते. बोंब होते ती महिनाअखेरीच्या अहवालात. पावत्यांचं टेबल आणि त्यांच्या तपशिलाचं टेबल नंबरावरून जोडलेलं असतं. 4317 च्या दोन पावत्या आणि दोन तपशील एकमेकांशी जुळून चार ओळी होतात, अन्‌ 2,500 चे 5,000 दिसतात. ठेवीदाराच्या उताऱ्यात दुसऱ्याचा हप्ता येतो. रोकडवही बरोबर आणि अहवाल फुगलेला असेल, तर आधी ही तपासणी करा:

```sql
SELECT kramank, COUNT(*) FROM pavati
GROUP BY kramank HAVING COUNT(*) > 1;
```

मुलं लगेच म्हणतील, सर, ट्रान्झॅक्शनमध्ये घाला की. मीही शिकवताना हे ऐकतो, म्हणून जरा थांबून सांगतो. नुसत्या ट्रान्झॅक्शननं हे थांबत नाही. दुसऱ्याचं काम कमिट होईपर्यंत ते तुम्हाला दिसणार नाही, हेच तर ट्रान्झॅक्शनचं वचन आहे. त्यामुळे दोघांनाही 4316च दिसत राहतो. वाचणं आणि लिहिणं एकाच `INSERT ... SELECT` वाक्यात घातलं तरी पोस्टग्रेसमध्ये दोन वाक्यं एकाच वेळी चालू शकतात. घरी दोन खिडक्या उघडून दोन्हींत `BEGIN` टाइप करा, दोन्हींत `MAX` विचारा, मग दोन्हींत पावती घाला. पाच मिनिटांत डोळ्यांनी दिसेल.

पहिलं काम म्हणजे त्या रकान्यावर `UNIQUE` अट लावणं. ती असली की दुसरी 4317 आत जातच नाही, डेटाबेस एरर देतो. एरर आली म्हणजे प्रोग्राम बिघडला असं संस्थाचालकांना वाटतं. खरं तर तिथंच तो पहिल्यांदा खरं बोलतो. ती एरर पकडून नवा नंबर घेऊन पुन्हा प्रयत्न करता येतो, पण गर्दीत असे प्रयत्न वाढतच जातात.

म्हणून नंबर एकाच ठिकाणाहून वाटला गेला पाहिजे. त्यासाठी डेटाबेसमध्ये सोय आहेच: मायएसक्यूएलमध्ये `AUTO_INCREMENT`, पोस्टग्रेसमध्ये सिक्वेन्स. सिक्वेन्स टेबलात डोकावत नाही, त्याचा स्वतःचा आकडा असतो आणि मागेल त्याला तो पुढचा देतो. तुमची पावती शेवटी रद्द झाली, तरी दिलेला आकडा परत घेत नाही. परत घ्यायचा म्हटलं, तर तुमचं काम संपेपर्यंत बाकीच्यांना थांबवावं लागेल. त्यामुळे 4317 नंतर एकदम 4319 दिसू शकतो. आतल्या ओळखीसाठी त्यानं काही बिघडत नाही. मात्र आपल्याला कोणता नंबर मिळाला हे पुन्हा `MAX` विचारून काढू नका, नाहीतर शेजारच्या खिडकीचा नंबर हाती येईल. मायएसक्यूएलमध्ये `LAST_INSERT_ID()` आणि पोस्टग्रेसमध्ये `RETURNING` आपलाच नंबर देतात.

गंमत म्हणजे मायएसक्यूएल स्वतःही या खोड्यात अडकलं होतं. 5.7 आवृत्तीपर्यंत त्याचा इनोडीबी विभाग हा आकडा फक्त मेमरीत ठेवायचा, आणि सर्व्हर बंद होऊन सुरू झाला की टेबलातला मोठा आकडा बघून मोजणी पुढे न्यायचा. शेवटची नोंद डिलीट करून सर्व्हर पुन्हा सुरू केला, की तोच नंबर दुसऱ्याला. 2003 साली नोंदवलेली ही तक्रार 2018 च्या 8.0 आवृत्तीत मिटली. शेवटची नोंद पुसली तर एका खिडकीवरसुद्धा `MAX` दगा देतो, तो असा.

आता ऑडिटरचा प्रश्न. त्याला मध्ये खाडा चालत नाही. जीएसटीच्या बिलांना तर नियम 46 नुसार सलग क्रमांक लागतो, सोळा अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. इथे सिक्वेन्स पुरत नाही. अशा वेळी मोजणीचं वेगळं छोटं टेबल ठेवायचं, प्रत्येक वर्षासाठी आणि मालिकेसाठी एक ओळ, आणि `UNIQUE` अट वर्ष, मालिका आणि क्रमांक या तिन्हींवर मिळून लावायची. पोस्टग्रेसमध्ये ते असं:

```sql
BEGIN;
UPDATE mojani SET shevat = shevat + 1
 WHERE varsh = '2025-26' AND malika = 'A'
 RETURNING shevat;
-- मिळालेला नंबर वापरून पावती घाला
COMMIT;
```

पहिल्यानं ती ओळ बदलली की तिच्यावर लॉक बसतो. दुसरा थांबतो. पहिला कमिट झाला की नेहमीच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याला ताजा आकडा दिसतो आणि 4318 मिळतो. पहिल्याचं काम फसलं तर आकडाही मागे येतो, म्हणून खाडा पडत नाही. याची किंमत म्हणजे रांग. तेव्हा नंबर अगदी शेवटी घ्या. नंबर घेऊन मग प्रिंटरची वाट बघत बसलात, तर सगळी संस्था त्या प्रिंटरपाशी थांबेल. आणि झालेली पावती डिलीट करायची नाही, जुन्या पुस्तकासारखं तिच्यावर ‘रद्द’ लिहायचं.

पाटगाव-कडगावकडे लाइन गेली की शाखा मुख्य कार्यालयाला विचारू शकत नाही. तिथे प्रत्येक शाखेची वेगळी मालिका ठेवा, `A/4317` आणि `B/902` अशी. जीएसटीच्या त्याच नियमात एकाहून अधिक मालिका चालतात. आतल्या ओळखीसाठी यूयूआयडी वापरता येतो. तो कुणालाही न विचारता तयार होतो आणि दोन सारखे येण्याची शक्यता नगण्य असते. पण तो 36 चिन्हांचा लांबलचक आकडा सभासदाला फोनवर सांगायला लावू नका.

राहिली जुनी घाण. टेबलात दुहेरी 4317 असताना `UNIQUE` अट लागतच नाही. आधी प्रत्येक पावतीला आतला नवा ओळखक्रमांक द्या. मग वेळ आणि खिडकी बघून प्रत्येक तपशील आपापल्या पावतीला जोडा. सभासदाच्या हातातला छापील नंबर बदलता येत नाही, म्हणून नंबराचा रकाना अक्षरी करून नोंदीत एकीला `4317` आणि दुसरीला `4317/1` ठेवा, आणि तसा शेरा त्या तारखेच्या रोकडवहीत लिहून सचिवांची सही घ्या.