अम्मीला पंख्याखाली थंडी का वाजते?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी अम्मी किंवा खाला आता पंचेचाळीस-पन्नाशीच्या आहेत, म्हणून मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. बाकीचे पंखा लावून बसलेले असतात आणि त्या शाल ओढतात. वजन वाढतं, टाचा-कोपर खरखरीत होतात, पोट साफ होत नाही. आपण म्हणतो, वय झालं. पण पाळी जाण्याच्या वयात बाईला सहसा अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो. याउलट तिला सतत थंडी वाजत असेल, तर नुसतं वयाकडे बोट दाखवून चालणार नाही.

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते. शरीरातल्या पेशींनी किती वेगानं काम करायचं, किती उष्णता तयार करायची, हे तिचा हार्मोन ठरवतो. तो कमी पडला की उष्णता कमी तयार होते. मग आहे ती उष्णता वाचवायला शरीर कातडीकडचं रक्त आत घेतं. हात थंड पडतात, घाम कमी येतो, कातडी कोरडी होते. आतड्यांची हालचालही मंदावते. अन्न आत जास्त वेळ राहतं, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि मल कडक होतो. या चार तक्रारींचं मूळ एकच असू शकतं, ते असं.

वजनाचं मात्र नीट समजून घ्या. थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा काही किलोचंच असतं आणि त्यात मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. वीस किलो वाढले असतील तर सगळा दोष थायरॉइडला देता येत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगतो. वय ४७, वजन ६८ किलो, दीड वर्षात पाच किलो वाढलेलं. आधी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, बद्धकोष्ठतेला इसबगोल झालं. चेहरा किंचित सुजलेला, आवाज जड. घोट्यामागच्या शिरेवर हातोडीनं टिचकी मारली तर पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर सावकाश आलं. थायरॉइड मंदावल्याची ही जुनी खूण आहे. टीएसएच आलं ४२, फ्री टी-फोर कमी. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. थायरॉइड ऐकत नाही म्हटल्यावर ती आवाज चढवते, म्हणून आकडा वाढतो. साधारण ०.४ ते ४ ठीक मानतात. थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीजही सापडल्या. म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीवर उलटली होती. १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव या आजाराला आहे. आयोडीनचं मीठ खाणाऱ्यालाही हा होतो, त्यामुळे जास्त मीठ खाऊन तो जात नाही.

गोळीचं नाव लेव्होथायरॉक्सिन. ग्रंथी जो हार्मोन बनवते तोच हा. अशा वेळी दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतो. हृदय ठीक होतं, म्हणून रोज १०० दिले. हृदयरोग असेल किंवा वय जास्त असेल तर २५पासून हळूहळू चढवतात. सात आठवड्यांनी टीएसएच १८! डोस वाढवण्याआधी मी विचारलं, गोळी कशी घेता? उत्तर आलं, सकाळच्या चहाबरोबर, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीसोबत. इथेच सगळं अडलं होतं. कॅल्शियम आणि लोह हा हार्मोन आतड्यातच पकडून ठेवतात. डोस तोच ठेवून गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा तासाभरानं आणि बाकीच्या गोळ्या चार तासांनी, असं सांगितलं. पुढच्या सात आठवड्यांनी टीएसएच ३.१. थंडी आणि पोट आधी सुधारलं, कातडीला वेळ लागला. वजन तीन किलो उतरलं, जास्त नाही.

रिपोर्टमध्ये टीएसएच ६ किंवा ७ आणि फ्री टी-फोर नॉर्मल असेल तर लगेच गोळी लागतेच असं नाही. बरेचदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात, कारण आकडा आपोआप खालीही येतो. शेजारणीची गोळी तर अजिबात देऊ नका. जास्त हार्मोननं छातीत धडधड होते, हाडं झिजतात.

रमजानबद्दल नेहमी विचारतात. या गोळीसाठी रोजा सोडावा लागत नाही. सहरीला अर्धा-एक तास आधी उठून घ्यावी, किंवा रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. इफ्तारच्या खजुराबरोबर आणि दुधाबरोबर घेतलेली गोळी मात्र पुरती लागू पडत नाही. वेळ बदलायची असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.